गारपणा का चुकला?

परवा माझी भाची शाळेतून आली ती तणतणतच. दप्तर सोफ्यावर आपटलं, त्यातून घटक चाचणीचा पेपर ओढून काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"मावशी, तूच सांग. गारपणा हा शब्द चूक आहे का?"

प्रश्न असा होता: कंसातील शब्दापासून योग्य शब्द तयार करून रिकामी जागा भरा.

पाऊस पडून गेल्यावर हवेत छान ........ आला. (गार)

भाचीने मोत्यासारख्या अक्षरात 'गारपणा' लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती.

"मोठा, मोठेपणा. भित्रा, भित्रेपणा. वेडा, वेडेपणा. मग गार, गारपणा! यात माझं काय चुकलं?"

खरं सांगू? तिचं म्हणणं ऐकून मी जरा गप्पच झाले. कारण तिचा हिशेब बरोबर होता. तरी उत्तर चुकलं होतं. असं झालं की मला भारी मजा वाटते. बरोबर रस्त्याने जाऊन माणूस चुकीच्या घरी पोचतो, तेव्हा त्या रस्त्यावर काहीतरी बघण्यासारखं नक्की असतं.

मी तिला म्हटलं, "आधी कंसावर हात ठेव. कंस दिसताच कामा नये. आता वाचून सांग, त्या जागेत कसला शब्द बसेल?"

ती वाचू लागली. "छान अमुक आला. छान वास आला. छान पाहुणा आला. छान वारा आला."

"छान वाहिला आला, असं का नाही म्हणालीस?"

"काहीतरीच! 'छान'च्या पुढे नाव पाहिजे ना कशाचं तरी."

"बरं, मग छान झुळूक आला?"

"झुळूक आली. इथे 'आला' लिहिलंय."

बघा हं. कंसातला शब्द अजून झाकलेलाच आहे आणि तिला त्या जागेबद्दल तीन गोष्टी कळल्यासुद्धा. तिथे नाम हवं, ते पुल्लिंगी हवं आणि एकवचनी हवं. शेजारचे 'छान' आणि 'आला' हे दोन शब्द बसल्या जागी सगळी चुगली करून मोकळे झाले होते. आपण मात्र असा प्रश्न आला की आधी कंसावर झडप घालतो आणि वाक्य नंतर वाचतो.

हे शेजारी किती बोलतात ते बघायचं तर 'धीट' हा शब्द घेऊ. भाचीला मी तीन वाक्यं दिली.

तिचा ........ पाहून सगळे थक्क झाले.
तिची ........ पाहून सगळे थक्क झाले.
तिने सगळ्यांसमोर ........ उत्तर दिलं.

पहिल्यात 'तिचा' आहे, म्हणून धीटपणा. दुसऱ्यात 'तिची' आहे, म्हणून धिटाई. पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात फरक फक्त एका वेलांटीचा, पण त्या वेलांटीने अख्खा शब्द बदलून टाकला. (धिटाई लिहिताना 'धि' ऱ्हस्व झाला, तो लक्षात आला का? गरीब-गरिबीतही 'री'चा 'रि' होतो. शेपटी जड झाली की डोकं हलकं करायचं, ही आपल्या मराठीची जुनी खोड आहे.) तिसऱ्या वाक्यात वस्तूचं किंवा गुणाचं नाव चालणारच नाही. उत्तर कसं दिलं, ते सांगायचं आहे. तिथे धीटपणे. पणाचा 'पणे' झाला आणि नामाचं क्रियाविशेषण होऊन बसलं.

शब्दाच्या मागे लागणाऱ्या या शेपटीला व्याकरणात प्रत्यय म्हणतात, पुढे चिकटणाऱ्या तुकड्याला उपसर्ग, आणि या सगळ्या कारभाराला शब्दसिद्धी. नावं एवढीच पुरेत. मला तुम्हाला शेपटीची एक गंमत सांगायची आहे. शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, हे शेपटी ठरवते. मूळ शब्दाला कुणी विचारतही नाही. 'माणूस' घ्या. तो माणूस, पुल्लिंगी. त्याला 'की' लावली की माणुसकी, ती झाली स्त्रीलिंगी. 'पण' लावलं की माणूसपण, ते नपुंसकलिंगी. माणूस तोच, पण दोन शेपट्या लागल्या आणि तिन्ही लिंगं दिसली. 'पणा' आला की शब्द तो होणार, 'ता' आली की ती होणार आणि 'त्व' आलं की ते होणार: वेडेपणा तो, नम्रता ती, नेतृत्व ते. म्हणून वाक्यात चा, ची, चे यांपैकी काय लिहिलंय, ते बोट ठेवून वाचायचं. 'डोंगराचे ........ (सुंदर)' असं असेल तर सौंदर्य, 'डोंगराची' असेल तर सुंदरता.

"पण मावशी," भाची म्हणाली, "गारपणासुद्धा तो गारपणाच आहे की. छान गारपणा आला. बसतंय ना बरोबर?"

बसतं. व्याकरणाच्या दारावरचा पहारेकरी गारपणाला आत सोडेल. अडवणारा कुणी दुसराच आहे.

तुम्ही एसटीने प्रवास केलाय ना? गाडी फलाटाला लागली की काही हुशार मंडळी खिडकीतूनच सीटवर रुमाल टाकतात. मग तुम्ही रांगेत उभे राहून नियमाने आत चढलात तरी त्या सीटवर रुमाल असतो. शब्दांचंही तसंच आहे. गारपणाच्या सीटवर पूर्वीच एक रुमाल पडलाय, 'गारवा' नावाचा. गोडचा गोडवा, ओल्याचा ओलावा, तसा गारचा गारवा. 'वा'चं हे घराणं अगदी लहान आहे आणि आता त्यात नवी भरती होत नाही. उंचवा, जाडवा असं कुणी म्हणत नाही. पण जे जुने सभासद आहेत, ते आपली जागा सोडत नाहीत.

आणि गारच्या बाबतीत तर दोन रुमाल आहेत! दुसरा म्हणजे 'गारठा'. हाही पुल्लिंगी, हाही नाम. मग पेपरातल्या वाक्यात 'छान गारठा आला' का नाही चालणार? मोठ्याने म्हणून बघा. गारठा म्हटलं की अंग आकसतं, नाक वाहतं, आंघोळीला जावंसं वाटत नाही. गारठा 'पडतो', गारठा 'वाढतो'. गारवा म्हटलं की बरं वाटतं, आणि तो 'येतो'. तेव्हा वाक्यातल्या 'छान'ने आपल्याला दोन वेळा मदत केली. एकदा सांगितलं की पुढे नाम हवं, आणि दुसऱ्यांदा सांगितलं की ते सुखाचं हवं.

गोडची जोडी तर याहून बारीक आहे. 'आजीच्या आवाजात वेगळाच ........ आहे' इथे गोडवा. 'त्याला वाचनाची ........ लागली' इथे गोडी. पहिल्यात 'वेगळाच' आहे, दुसऱ्यात 'वाचनाची' आहे, म्हणून लिंगावरून सुटतंच. पण लिंग कळलं नसतं तरी 'लागली'ने सांगितलं असतं, कारण लागते ती गोडीच. वाचनाचा गोडवा लागला, असं आजवर कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

"मग सगळ्या सीटवर रुमालच असले तर 'पणा'ने बसायचं कुठे?" भाचीने विचारलं.

हा प्रश्न मला इतका आवडला की मी तिच्यावर लगेच एक प्रयोग करून टाकला. तुम्हीही करून बघा, साहित्य काहीच लागत नाही. मी म्हटलं, "समज, 'झुमळ' नावाचा एक शब्द आहे. झुमळ माणूस म्हणजे जो उगाचच सारखा हसतो. आता रिकामी जागा भर: त्या मुलाचा ........ मला आवडत नाही."

"झुमळपणा!"

क्षणभरसुद्धा थांबली नाही. झुमळवा नाही, झुमळता नाही, झुमळत्व तर नाहीच नाही. हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. कसा ऐकणार, मी तो त्याच मिनिटाला बनवला होता! म्हणजे 'झुमळपणा' तिने पाठ केलेला नव्हता, तिने तो जागच्या जागी घडवला. डोक्यात कुठेतरी एक छोटा कारखाना चालू असतो. त्यात कच्चा शब्द टाकला की तयार शब्द बाहेर पडतो.

असाच प्रयोग अमेरिकेत जीन बर्को नावाच्या संशोधक बाईंनी केला होता. तो 1958 साली छापून आला. त्यांनी लहान मुलांना पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा आहे 'वग'. (आपल्या तमाशातला वग नव्हे हं! हा बर्कोबाईंनी मनाने बनवलेला शब्द.) मग तसे दोन प्राणी दाखवले आणि वाक्य अर्धं सोडलं: आता हे दोन... चार ते सात वर्षांची मुलं ती, पण बहुतेकांनी बरोबर इंग्रजी अनेकवचन केलं, 'वग्ज'. नीट बघितलंत तर हा गाळलेल्या जागेचाच प्रश्न आहे, फक्त कागदाऐवजी तोंडी. मुलांनी कधीच न ऐकलेला शब्द घेतला म्हणून तर कळलं, की मुलं शब्द पाठ करून थांबत नाहीत, शब्द घडवायची रीतच उचलतात.

आपल्या कारखान्यात 'पणा'चं यंत्र सगळ्यात जोरात चालतं. इंग्रजीतून आलेला शब्द टाका, तेही चालतं. 'कूलपणा' तुम्ही सहज म्हणाल, पण 'कूलता' म्हणणार नाही. 'ता' आणि 'त्व' ही यंत्रं संस्कृत शब्दांसाठी बांधलेली आहेत, परका माल दिसला की ती अडखळतात. थोडक्यात, ज्या शब्दाच्या सीटवर रुमाल नाही, तिथे 'पणा' बिनधास्त बसतो. गारच्या सीटवर तो होता, एवढंच. भाचीच्या कारखान्याने नियम बरोबर चालवला होता, त्याला फक्त रुमाल दिसला नाही.

आता याच पेपरातली दुसरी रिकामी जागा बघा. ती भाचीने बरोबर भरली होती, पण का बरोबर ते तिला सांगता येईना.

बाईंनी वर्गात एक ........ प्रयोग करून दाखवला. (विज्ञान)

'एक' आणि 'प्रयोग' यांच्या मध्ये विशेषण हवं, हे शेजाऱ्यांनी सांगितलंच. शेपटी 'इक'. मग 'विज्ञानिक' का नाही? 'वैज्ञानिक' का? शेपटी लागली मागे आणि फुगलं मात्र डोकं! समाज, सामाजिक. इतिहास, ऐतिहासिक. भूगोल, भौगोलिक. उद्योग, औद्योगिक. पहिल्या अक्षरातला स्वर बघा. अ असेल तर फुगून आ होतो. इ, ई, ए असेल तर ऐ, आणि उ, ऊ, ओ असेल तर औ. हे कळलं की भौगोलिक पाठ करावं लागत नाही. भूगोलमधला ऊ फुगवला की तो आपोआप हातात येतो.

या फुगण्याला वृद्धी म्हणतात. पाणिनीने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी संस्कृतचं व्याकरण जवळजवळ चार हजार छोट्या सूत्रांत बांधलं. त्यातलं पहिलंच सूत्र आ, ऐ, औ या तिघांना 'वृद्धी' हे नाव देतं. आणि पाणिनीची युक्ती तर ऐकाच. तो 'इक' असा प्रत्यय सरळ लिहितच नाही. तो कुठे लिहितो ठक्, कुठे लिहितो ठन्. दोन्हीकडे ठच्या जागी इक येतो. मागचा क् किंवा न् शब्दात दिसतच नाही, ती नुसती खूणचिठ्ठी असते. क्ची चिठ्ठी असली तर पहिला स्वर फुगवा, न्ची असली तर फुगवू नका. म्हणून धनापासून धनिक होतो, धानिक होत नाही. क्षणिक आणि रसिक हेही असेच न फुगणारे. ते अपवाद म्हणून लक्षात ठेवावे लागतात, त्याला इलाज नाही.

डोकं फुगवणारी आणखी एक शेपटी आहे, ती इतकी बारीक की दिसतच नाही: 'य'. शूरचं शौर्य, धीरचं धैर्य, सुंदरचं सौंदर्य, चतुरचं चातुर्य. आणि दिसत नाही म्हणूनच मुलं (आणि हो, मोठी माणसंही) तिच्यावर आणखी एक शेपटी लावतात. सौंदर्यता! वैविध्यता! एका गाढवाला दोन शेपट्या. सौंदर्यमध्ये 'सुंदर असणं' हा अर्थ आधीच आलेला आहे, त्यावर 'ता' लावायला जागा कुठे उरली? ओळखायची खूण सोपी आहे. डोकं फुगलेलं असेल आणि शेवटी य असेल, तर शेपटी लागून गेलेली आहे, आता हात लावू नका.

शेपटी वेगळी काढता आली की शुद्धलेखनही सुटतं. 'महत्त्व' या शब्दात त दोनदा का लिहायचा, यावर मी लहानपणी पट्ट्या खाल्ल्या आहेत. कारण कुणी सांगितलं नव्हतं. मूळ शब्द महत्, त्याच्या शेवटी स्वतःचा एक त् आहेच. शेपटी 'त्व', तिचा दुसरा त्. दोन्ही ठेवायचे, कुणाचाच चोरायचा नाही. 'नेतृत्व'मध्ये मूळ शब्द नेतृ, त्याच्या शेवटी त् नाही, म्हणून तिथे फक्त शेपटीचा त् येतो.

पुढून चिकटणाऱ्या तुकड्यांचं काय? तिथे भाचीची एक जागा चुकली होती, आणि ही चूक वेगळ्या जातीची होती.

पाहुणे न कळवता आले, त्यामुळे आईची फार ........ झाली. (सोय)

तिने 'सोय'च लिहून टाकलं. शेजारी तपासले तर 'आईची' आणि 'झाली' दोघंही खूश आहेत, कारण सोय स्त्रीलिंगी. तक्रार आहे ती लांबून, 'न कळवता' या शब्दांची. अर्थ उलटा हवा, हे जवळचे शेजारी कधीच सांगत नाहीत, ते पूर्ण वाक्य वाचल्यावर कळतं. उत्तर गैरसोय.

पण उलटं करायला 'गैर'च का? 'असोय' का नाही? संस्कृतमधून आलेल्या शब्दांना 'अ' आवडतो: शक्य, अशक्य, योग्य, अयोग्य. फारसी-अरबीतून आलेल्यांना 'गैर', 'बे', 'ना': हजर, गैरहजर; पसंत, नापसंत. म्हणून शाळेत तुम्ही गैरहजर असता किंवा अनुपस्थित असता, अहजर कधीच नसता. मात्र ही भिंत फार पक्की नाही. सोय, समज, चव हे शब्द काही फारसी नाहीत, तरी गैरसोय, गैरसमज आणि बेचव अगदी आपले झालेत. मूळ बघून अंदाज बांधायचा आणि शेवटी कानाला विचारायचं.

अनुपस्थित हा शब्द मात्र जरा जपून फोडा. भाचीने तो 'अनु अधिक पस्थित' असा फोडला होता. मी विचारलं, "पस्थित म्हणजे काय गं?" ती हसायला लागली. उरलेला तुकडा निरर्थक निघाला की समजायचं, सुरी चुकीच्या जागी फिरली. खरी फोड आहे अन् अधिक उपस्थित. 'अ'च्या पुढे स्वर आला तर दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये न् येतो: आवश्यक, अनावश्यक, उचित, अनुचित. इंग्रजीत बॉलच्या आधी 'ए' आणि ॲपलच्या आधी 'ॲन' येतो, तिथेही स्वरांची हीच टक्कर टाळलेली आहे. 'अनुवाद'मध्ये मात्र खरोखरच अनु आहे, कारण उरतो तो 'वाद', आणि वाद म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

एवढं होईपर्यंत दिवेलागण झाली होती. भाचीने पेपर घडी करून दप्तरात टाकला, माझ्याच टेबलावरचा एक कागद ओढला आणि म्हणाली, "आता तू सोडव." तिने लिहिलं होतं:

मावशीच्या खोलीत सगळीकडे पुस्तकांचा ........ असतो. (पसरणे)

'पुस्तकांचा' आणि 'असतो', म्हणजे पुल्लिंगी एकवचनी नाम. मी खोलीकडे एकदा पाहिलं आणि मुद्दाम लिहिलं, 'पसरपणा'.

तिने लाल पेन शोधून आणलं, फुली मारली, आणि शेजारी मोठ्या अक्षरात 'पसारा' लिहून दोन रेघा ओढल्या.